दीड मिलिसेकंदात भरणारा कपॅसिटर

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘बारा व्होल्ट, पाचशे एमए’ एवढं म्हटलं, की दुकानदार पुढे काही न विचारता छोटा ट्रान्सफॉर्मर काउंटरवर ठेवतो. सोबत चार डायोड आणि एक ‘बावीसशे-पंचवीस’, म्हणजे २२०० मायक्रोफॅरॅडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर. एवढ्या सामानात घरच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला पुरेल असा डीसी सप्लाय तयार होतो. तयार झाला की दोन तक्रारी हमखास येतात. स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत राहतो, आणि अर्धा अँपिअरच ओढत असूनही पाचशे मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर हात ठेववत नाही इतका तापतो. काउंटरवर सल्ला मिळतो, “बावीसशे काढून सत्तेचाळीसशे टाका.” टाकल्यावर आवाज खरंच कमी होतो. ट्रान्सफॉर्मर मात्र थंड होत नाही, उलट थोडा जास्तच तापतो.

या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. ते समजायला डायोड नेमके किती वेळ चालू असतात, हे पाहावं लागतं.

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट हा एसीचा परिणामी आकडा असतो. प्रत्यक्षात ती लाट शून्यापासून चढत १७ व्होल्टच्या शिखरापर्यंत जाते, उतरते आणि उलट दिशेला तेवढीच खाली जाते. आपल्याकडे हा फेरा सेकंदाला ५० वेळा होतो, म्हणजे एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात. चार डायोडांचा ब्रिज खालची अर्धी लाट उलटवून वर आणतो. (ही जोडणी ग्रेट्झच्या नावाने ओळखली जाते. त्याने ती १८९७मध्ये प्रसिद्ध केली, पण पोलिश तंत्रज्ञ कारोल पोलाकने तिचं पेटंट त्याआधीच घेतलं होतं.) त्यामुळे दर १० मिलिसेकंदांना एक शिखर येतं. वाटेत दोन डायोड प्रत्येकी साधारण एक व्होल्ट खातात, आणि १७चे १५ उरतात. या १५ व्होल्टच्या शिखरापर्यंत कपॅसिटर भरतो.

शिखर ओलांडून लाट झपाट्याने खाली येते. कपॅसिटरवर अजून १५ व्होल्ट असतात आणि मागची लाट त्याहून खाली गेलेली असते. डायोड उलट दिशेने वीज जाऊ देत नाहीत, म्हणून ते बंद होतात. आता अ‍ॅम्प्लिफायर एकट्या कपॅसिटरच्या जिवावर चालतो. पुढची लाट चढून येईपर्यंत कपॅसिटर रिकामा होत राहतो आणि त्याचा व्होल्टेज उतरत जातो. लाट पुन्हा त्याच्या पातळीला आली की डायोड उघडतात आणि तो परत शिखरापर्यंत भरतो. असा सेकंदाला शंभर वेळा होणारा चढउतार म्हणजे रिपल. स्पीकरमधली घूं त्याचीच.

किती व्होल्ट उतरतो, हे काढणं अवघड नाही. ओढलेला प्रवाह गुणिले वेळ, भागिले कपॅसिटन्स, एवढंच गणित:

ΔV = I × t / C

अर्धा अँपिअर १० मिलिसेकंद ओढला तर २२०० मायक्रोफॅरॅडवर जवळजवळ २.३ व्होल्टची घट येते. पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच थांबतात आणि रोजच्या कामाला ते चालतंही. पण यात एक बारीक चूक आहे. कपॅसिटर पूर्ण १० मिलिसेकंद एकटा नसतो. पुढची लाट शिखरावर पोचायच्या आधीच डायोड उघडतात आणि घट तिथे थांबते. मग ते केव्हा उघडतात?

कपॅसिटर साधारण २ व्होल्ट उतरला असेल, तर लाट शिखरापेक्षा २ व्होल्ट खाली असताना, म्हणजे सतरापैकी पंधरावर आली की डायोड उघडतील. लाटेचा आकार कोसाइनचा आहे. ज्या कोनाची कोसाइन सतरांश पंधरा आहे, तो कोन येतो २८ अंशांच्या आसपास. २० मिलिसेकंदांचे ३६० अंश, तर २८ अंशांचा दीड मिलिसेकंद. म्हणजे कपॅसिटर एकटा राहतो तो दहा नव्हे, साडेआठ मिलिसेकंद. हा आकडा वरच्या सूत्रात घालून पुन्हा हिशेब केला, की रिपल १.९ व्होल्टवर आणि कोन साडेसत्तावीस अंशांच्या जरा वर स्थिरावतो. लाटेच्या ज्या भागात डायोड चालू असतात, त्या कोनाला कंडक्शन अँगल म्हणतात. अर्धी लाट १८० अंशांची. त्यातले दीडशेहून जास्त अंश चारही डायोड नुसते बसून असतात.

नळाला दिवसातून तासभर पाणी येणाऱ्या सोसायटीत जे होतं, तेच इथे होतं. वापर चोवीस तास संथपणे चालू असतो, पण ते सगळं पाणी एका तासात टाकीत यावं लागतं, म्हणून त्या तासात पाइपातून पाणी धो-धो वाहतं. अ‍ॅम्प्लिफायर अर्धा अँपिअर सतत ओढतो. दहा मिलिसेकंदांत तो जेवढा विद्युतभार नेतो, तेवढा सगळा ट्रान्सफॉर्मरने दीड मिलिसेकंदात द्यायचा असतो. म्हणजे त्या दीड मिलिसेकंदात सरासरी सव्वातीन अँपिअर प्रवाह हवा. तोही एकसारखा नसतो. डायोड उघडतात तेव्हा लाट जोरात चढत असते, म्हणून सुरुवातीला प्रवाह सहा अँपिअरच्या घरात उसळतो आणि शिखराजवळ लाट सपाट होईल तसा ओसरतो. बाहेर अर्धा अँपिअर शांतपणे वाहतोय आणि आत ट्रान्सफॉर्मरला सेकंदाला शंभर वेळा सहा अँपिअरचा हिसका बसतोय.

आता सत्तेचाळीसशेच्या सल्ल्याकडे येऊ. कपॅसिटर दुपटीहून थोडा मोठा झाला, तर रिपल निम्म्यावर, ०.९५ व्होल्टवर येतो. पण कपॅसिटर कमी उतरला म्हणजे लाटेला त्याची पातळी गाठायला शिखराच्या आणखी जवळ जावं लागतं. डायोड उशिरा उघडतात. कंडक्शन अँगल १९ अंशांवर येतो, म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंदावर. भार तेवढाच पोचवायचा आणि वेळ मात्र कमी, म्हणून सहा अँपिअरचा हिसका पावणेनऊ अँपिअरचा होतो. १०,००० मायक्रोफॅरॅड टाकले तर रिपल अर्ध्या व्होल्टच्याही खाली जातो, पण डायोडांना पाऊण मिलिसेकंदच मिळतो आणि हिसका १३ अँपिअरच्या आसपास पोचतो. कोन साधारणपणे रिपलच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो. रिपल पाव केला की कोन अर्धा होतो. गुळगुळीत डीसी आणि सौम्य प्रवाह हे दोन्ही एकाच कपॅसिटरकडून मिळत नाही.

हे आकडे आदर्श ट्रान्सफॉर्मरचे आहेत. खऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या तारेला रोध असतो, आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तो चांगला दोन-चार ओहम भरतो. सहा अँपिअर त्यातून जाऊच शकत नाहीत. त्यामुळे हिसका दोन-अडीच अँपिअरवर दबतो, दीड मिलिसेकंदाचा अवधी तीन-साडेतीनपर्यंत पसरतो, आणि याची किंमत म्हणून शिखराचा व्होल्टेज उतरतो. रोध धरून अचूक हिशेब हाताने करणं किचकट असतं. अमेरिकेच्या आरसीए कंपनीतल्या ओ. एच. शेड यांनी १९४३मध्ये त्यासाठी आलेख काढून दिले. रोध, कपॅसिटर आणि लोड यांची प्रमाणं काढायची आणि आलेखावरून रिपल व शिखर-प्रवाह वाचायचा. ते आलेख आजही वापरले जातात. तेव्हा हा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा होता, कारण रेक्टिफायर काचेच्या व्हॉल्व्हचे असत आणि त्यांना असे हिसके झेपत नसत. जीझेड-३४ या व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरॅडपेक्षा मोठा नको, असं बजावलेलं आहे. जुना व्हॉल्व्ह सेट दुरुस्त करताना ‘जरा दणकट’ म्हणून मोठा कपॅसिटर बसवणारे लोक तो महागडा व्हॉल्व्ह घालवून बसतात. आजचा वन-एन-४००७ डायोड सरासरी एका अँपिअरचा असला, तरी एखाद्या वेळचा ३० अँपिअरचा धक्का पचवतो. म्हणून आपण निर्धास्त झालो आहोत. डायोड टिकतो, पण तापायचं काम ट्रान्सफॉर्मरच्या तारेकडे जातं.

तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे. एक अँपिअर सतत दहा मिलिसेकंद वाहिला आणि पाच अँपिअर दोन मिलिसेकंद वाहिले, तर दोन्हीत भार तेवढाच गेला, पण दुसऱ्या वेळी उष्णता पाचपट निघाली. म्हणून डीसी बाजूला अर्धा अँपिअर असताना तारेतला परिणामी प्रवाह पाऊण ते एक अँपिअरपर्यंत भरतो. ट्रान्सफॉर्मरवर छापलेले ५०० मिलिअँपिअर हे साध्या एसी लोडसाठी असतात. ब्रिज आणि कपॅसिटर लावून डीसी घ्यायचा असेल, तर त्या आकड्याच्या सुमारे साठ टक्केच हाती लागतात. पाचशेच्या ट्रान्सफॉर्मरमधून तीनशे. हे छापील आकड्याशेजारी कुणी लिहीत नाही, आणि त्यामुळे ट्रान्सफॉर्मर ‘हलका निघाला’ म्हणून दुकानदाराशी जे भांडण होतं, त्यात बिचाऱ्याचा बहुतेक वेळा दोष नसतो. कपॅसिटरही याच हिसक्यांनी आतून तापतो. त्याच्या आतलं द्रव सुकत जातं, आणि दहा अंशांनी जास्त तापला तर त्याचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं. म्हणून तो ट्रान्सफॉर्मरला किंवा हीटसिंकला चिकटून बसवू नये.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या वस्तूंतही हेच घडतं. मोबाइलचा चार्जर, टीव्ही यांच्या आत ब्रिज आणि कपॅसिटर थेट २३० व्होल्टवर जोडलेले असतात. मेन्सच्या लाटेचं शिखर ३२५ व्होल्टचं, आणि हे सगळे आपापला घास त्या शिखराजवळच्या एक-दोन मिलिसेकंदांत घेतात. एका फेजवरच्या सगळ्या घरांत शिखर एकाच क्षणी येतं. ऑसिलोस्कोपवर मेन्सची लाट पाहिली, तर तिचा माथा चपटा झालेला दिसतो तो यामुळे. एकसारखा भार असेल तर तीन फेजचे साधे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडतात. हे तुटक हिसके मात्र खोडले जात नाहीत, कारण तिन्ही फेजची शिखरं वेगवेगळ्या वेळी येतात. कॉम्प्युटरांनी भरलेल्या ऑफिसात न्यूट्रलची तार फेजच्या तारेपेक्षा जास्त गरम का, याचं उत्तर इथे सापडतं.

पुन्हा आपल्या सप्लायकडे. समजा, पक्के १२ व्होल्ट हवेत म्हणून पुढे ७८१२ हा रेग्युलेटर लावला. त्याला नीट काम करायला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त, म्हणजे १४ व्होल्ट लागतात. मल्टिमीटर डीसीवर ठेवून कपॅसिटरवर मोजलं, तर १४ दिसतात. सगळं ठीक, तरीही घूं आहेच. कारण मीटर सरासरी दाखवतो. प्रत्यक्षात व्होल्टेज १५ आणि १३.१च्या मध्ये झुलतोय, आणि दर फेरीत शेवटचे काही मिलिसेकंद तो चौदाच्या खाली असतो. तेवढ्या वेळात रेग्युलेटरचा ताबा सुटतो, आउटपुट अकराच्या जरा वर येतो आणि लगेच सावरतो. सेकंदाला शंभर वेळा. रेग्युलेटर बदलून काही होत नाही, पण आधी बदलला जातो तो नेमका तोच.

हे ऑसिलोस्कोपशिवायही पकडता येतं. मीटर एसीवर ठेवून कपॅसिटरच्या दोन टोकांवर धरायचा. रिपल करवतीच्या दात्यासारखा असतो. मीटरचा आकडा साडेतीनने गुणला, की वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचा झोका मिळतो. आपल्या उदाहरणात मीटर अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर दाखवेल. फक्त आधी तोच मीटर एसीवरच ठेवून साध्या बॅटरीला लावून पाहावा. शून्य दाखवला तर ठीक. काही स्वस्त मीटर एसीवर डीसीही मोजतात आणि बॅटरीच्या दुप्पट आकडा दाखवतात. तसल्या मीटरचा इथे उपयोग नाही. अर्ध्याऐवजी एक व्होल्टच्या वर आकडा आला, तर कपॅसिटर सुकून बावीसशेचा हजारावर आला आहे, किंवा एखादा डायोड उघडा पडला आहे. या दोघांतला फरक कानाला कळतो. कपॅसिटर गेला तर घूं शंभर हर्ट्झचीच राहते, नुसती मोठी आणि खरखरीत होते. डायोड गेला तर एका आड एक शिखर गायब होतं, अंतर २० मिलिसेकंदांचं होतं आणि आवाज एक सप्तक खाली, ५० हर्ट्झवर उतरतो.

मग करायचं काय? १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर कपॅसिटर कितीही वाढवला, तरी पंधराच्या वर काही जात नाही. संध्याकाळी मेन्स २३०वरून २०७ला आली, की शिखरच १३.३ व्होल्टवर येतं आणि जगातला सर्वांत मोठा कपॅसिटरही ७८१२ला चौदा देऊ शकत नाही. इथे ट्रान्सफॉर्मर बदलावा लागतो. १५ व्होल्ट, एक अँपिअरचा घ्यावा. शिखर १९ व्होल्टच्या थोडं वर येतं, रिपल दोन व्होल्टचा राहू दिला तरी तळ सतरावर राहतो, आणि मेन्स दहा टक्क्यांनी पडली तरी पंधरा उरतात. कपॅसिटर तोच बावीसशेचा पुरे, फक्त २५ऐवजी ३५ व्होल्टचा. लोड नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर छापलेल्यापेक्षा जास्त व्होल्टेज देतो, आणि मेन्स २५०ला चढलेली असेल तर कपॅसिटरवर २६ व्होल्ट येऊ शकतात. रेग्युलेटर तीन वॉट उष्णता टाकेल, तेव्हा त्याला हीटसिंक हवा. रिपल पुसायचं काम रेग्युलेटर करतो. कपॅसिटरने तळ चौदाच्या वर ठेवला, की त्याचं काम झालं.

एवढं करूनही बारीक घूं राहिलीच, तर जमिनीची म्हणजे ग्राउंडची तार कुठे जोडली आहे ते पाहावं. ब्रिजच्या वजा टोकापासून कपॅसिटरच्या वजा टोकापर्यंत जी तार जाते, तिच्यातून दोन-अडीच अँपिअरचे ते सगळे हिसके जातात. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या, दहा सेंटिमीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध साडेतीन मिलिओहमच्या आसपास असतो. एवढ्याशा रोधावरही प्रत्येक हिसक्याला सात-आठ मिलिव्होल्ट उमटतात, आणि माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो. अ‍ॅम्प्लिफायरची ग्राउंड ब्रिजपाशी जोडलेली असेल, तर ते मिलिव्होल्ट थेट आवाजात मिसळतात. ती तार तिथून सोडवून कपॅसिटरच्या वजा पायावर लावावी.